झिरो बघा साहेब! अर्थात एका बिटाची गोष्ट

पेट्रोल पंपावरचा पोरगा नळी हातात घेतो आणि पहिलं वाक्य म्हणतो, "झिरो बघा साहेब." आपण मान वर करून झिरो बघतो, मान डोलावतो आणि निर्धास्त होतो. खरं तर झिरो बघून आपल्याला एवढंच कळतं की मोजणी शून्यापासून सुरू झाली. पुढे आकडा १.०० वर पोचला तेव्हा टाकीत खरंच एक लिटर पडलं का, हे डोळ्यांना दिसायची काहीच सोय नाही. ते सांगतो पंपाच्या पोटातला एक छोटा प्रोग्रॅम. आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो.

मी मूळचा बिद्रीचा, कागल तालुक्यातला. आमच्याकडे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना आहे, त्यामुळे नुसतं 'काटा' म्हटलं की घरातलं घड्याळ आठवत नाही, ऊस मोजायचा वजनकाटा आठवतो. मापावर शंका घेणं हा अख्ख्या ऊस पट्ट्याचा जुना स्वभाव आहे आणि त्यात गैर काही नाही. पूर्वी शंका आली तर माप डोळ्यासमोर असायचं. तागडीखाली चिकटवलेलं चुंबक शोधता यायचं, मापाचा खोलगट तळ दिसायचा. आता माप म्हणजे फर्मवेअर. ते ठोकून बघता येत नाही.

म्हणून आजचा विषय असा: आतला प्रोग्रॅम कुणी चोरू नये आणि कुणी बदलू नये म्हणून काय काय कुलुपं निघाली, ती कशी फुटली आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात २०१७ साली जे उघडकीला आलं त्यात नेमकं कुठलं कुलूप कमी पडलं.

लिटर मोजतात कसा?

पंपात एक मीटर असतो. त्यातून इंधन गेलं की त्याचा दांडा फिरतो. त्या दांड्याला जोडलेला असतो पल्सर. दांडा फिरला की पल्सर टक् टक् असे विजेचे ठोके एका तारेवरून मुख्य बोर्डाला पाठवतो. बोर्डावरचा मायक्रोकंट्रोलर ठोके मोजतो, त्याचे लिटर करतो, दराने गुणतो आणि आकडा दाखवतो. बस्स, एवढंच.

हिशेबासाठी धरू की एका लिटरला १०० ठोके येतात, म्हणजे एक ठोका १० मिलिलिटरचा. प्रोग्रॅममध्ये कुठेतरी अशी ओळ असेल:

```
#define PULSES_PER_LITRE 100   /* 0x64 */
```

आता इथे १०० च्या जागी ९६ करा. ९६ ठोके झाले की पडदा म्हणणार एक लिटर. टाकीत पडले ९६० मिलिलिटर. ४० मिलिलिटर गायब. वैधमापन विभागाच्या तपासणीत पाच लिटरच्या मापाला २५ मिलिलिटरची सूट असते. इथे पाच लिटरला २०० कमी, म्हणजे सुटीच्या आठपट. लिटरचा दर सोयीसाठी शंभर रुपये धरला आणि एका नळीवरून दिवसाला २००० लिटर गेले असं मानलं, तर रोजचे आठ हजार रुपये. एका नळीचे!

आता गंमत बघा. १०० म्हणजे 0x64 आणि ९६ म्हणजे 0x60. बायनरीत लिहिलं तर 01100100 आणि 01100000. फरक किती? एक बिट. हजारो बाइट्सच्या प्रोग्रॅममधला एक बिट इकडचा तिकडे केला की रोजचे आठ हजार. मग असा उद्योग करणारे निघाले नसते तरच नवल.

लॉस एंजेलिस १९९८, लखनौ आणि ठाणे २०१७

ही युक्ती आपल्याकडची नाही हे ऐकून बरं वाटेल की वाईट, तुम्ही ठरवा. १९९८ साली लॉस एंजेलिसमध्ये चार जणांवर खटला भरला गेला. त्यांनी पंपात बदललेल्या चिप्स बसवल्या होत्या. तपासणीला आलेला इन्स्पेक्टर साधारणपणे पाच किंवा दहा गॅलन काढून बघतो, हे त्यांना माहीत होतं. म्हणून चिपमध्ये अशी व्यवस्था केली होती की नेमक्या त्या मापांना मोजणी बरोबर यावी आणि बाकी वेळी कमी भरावं! परीक्षकाला ओळखून वागणारा प्रोग्रॅम. पुढे २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं जे प्रकरण निघालं, त्याचीही जात हीच.

आपल्याकडे एप्रिल २०१७ च्या शेवटी उत्तर प्रदेशच्या स्पेशल टास्क फोर्सने लखनौतल्या पंपांवर धाडी टाकल्या. तिथे पल्सरच्या वायरिंगमध्ये एक छोटी जादा चिप जोडलेली सापडली आणि ती रिमोटने चालू-बंद करता येत होती. तपासणी आली की बंद, गेली की चालू. त्या तपासाचे धागे महाराष्ट्रात आले. जूनपासून ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने वैधमापन विभागाला बरोबर घेऊन ठाण्यात आणि मग राज्यात इतरत्र धाडी घातल्या. इथे नुसती जोडलेली चिप नव्हती. पल्सर, कंट्रोल कार्ड, कीपॅड असे भाग जप्त झाले आणि त्यातल्या चिप्समध्ये फेरफार केल्याचं पोलिसांनी सांगितलं. पकडलेल्यांत पंपाची यंत्रणा आतून माहीत असलेले तंत्रज्ञ होते.

म्हणजे चोरीचे दोन वेगळे मार्ग झाले. एक, प्रोग्रॅमला हात न लावता तारेवरच्या ठोक्यांत घोळ करायचा. दुसरा, प्रोग्रॅमच बदललेली चिप किंवा अख्खं कार्ड बसवायचं. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

पहिलं कुलूप: वाचू नका

इंजिनिअरिंगला असताना ज्यांनी ८९सी५१ वर एलईडी लुकलुकवला आहे त्यांना 'लॉक बिट' आठवत असतील. (बहुतेकांनी ते न वापरताच सबमिशन केलं असेल :) ) चिपमध्ये प्रोग्रॅम भरल्यावर हे बिट लावले की प्रोग्रॅमरने आतला कोड परत वाचता येत नाही. बिट काढायचे असतील तर पूर्ण चिप पुसावी लागते आणि त्यात कोडही जातो.

ही कल्पना कुणासाठी होती? कंपनीसाठी. शेजारच्या गाळ्यातल्या माणसाने चिप विकत घेऊन, कोड वाचून, हुबेहूब माल बनवू नये म्हणून. ग्राहकाचा विचार त्यात नव्हता.

हे कुलूप फुटण्याचा इतिहास मोठा रंजक आहे. जुन्या ८७५१ सारख्या चिप्स अतिनील प्रकाशाने पुसल्या जायच्या. लोकांनी कोडची जागा झाकून फक्त लॉक बिटावर प्रकाश पाडला. कुलूप गेलं, कोड राहिला! नव्वदच्या दशकात पीआयसी १६सी८४ ही चिप आली. तिच्या बाबतीत व्होल्टेज नेहमीपेक्षा चढवून सुरक्षा बिटावर पुन्हा पुन्हा लिहायचं, मग बाकी मेमरी न पुसता तो बिट पुसला जातो, ही युक्ती इतकी गाजली की १९९६ साली केंब्रिजच्या रॉस अँडरसन आणि मार्कुस कून यांच्या निबंधात तिची नोंद आहे.

आजच्या एसटीएम३२ मालिकेत याच कुलपाच्या तीन पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे उघडं. एक म्हणजे बाहेरून वाचता येत नाही, पण शून्यावर परत आणता येतं, फक्त तेव्हा सगळी फ्लॅश पुसली जाते. दोन म्हणजे डिबगचं दार कायमचं बंद. दुसऱ्या पायरीसाठी एका बाइटमध्ये 0xCC आणि तिच्या जोडीच्या बाइटमध्ये उलटा आकडा 0x33 लागतो. शून्यासाठीही अशीच ठरलेली जोडी आहे. बाकी काहीही असलं तर चिप पहिल्या पायरीवर समजते.

योगायोग असा की ठाण्यातल्या धाडी चालू होत्या त्याच उन्हाळ्यानंतर, ऑगस्ट २०१७ मध्ये, जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या योहानेस ओबरमायर आणि स्टेफान टाचनर यांनी एसटीएम३२ एफ० या स्वस्त चिपचं कुलूप उघडून दाखवलं. पहिल्या पायरीवर डिबगरने फ्लॅश वाचायला गेलं की चिप दार बंद करते, पण बंद व्हायला किंचित उशीर होतो. तेवढ्यात नशीब असेल तर एक शब्द, म्हणजे चार बाइट्स, बाहेर निसटतात. मग वीज घालवा, परत द्या, पुढचा शब्द मागा. चिप लहान, धीर मोठा. सगळा कोड बाहेर. आणि दुसरी पायरी? चिपचं कवच रसायनाने उघडायचं आणि त्या जोडीच्या बाइट्सवर अतिनील प्रकाश टाकायचा. एखादा बिट जरी फिरला तरी 0xCC ची जोडी जुळत नाही आणि चिप आपोआप पहिल्या पायरीवर येते. ८७५१ चीच युक्ती, नव्या कपड्यात.

पण समजा हे कुलूप अजिबात फुटलं नाही, तरी पंपावरच्या ग्राहकाला त्याचा उपयोग किती? फार थोडा. पहिल्या पायरीवर पुसण्याची आज्ञा द्या, जुना कोड जाईल आणि रिकाम्या चिपमध्ये तुमचा कोड भरा. नाहीतर चिपच काढून दुसरी डकवा. हे कुलूप म्हणजे असा पहारेकरी की जो आतली कागदपत्रं कुणाला वाचू देत नाही, वेळ आली तर जाळून टाकतो, आणि मग रिकामी खोली येणाऱ्याच्या ताब्यात देतो.

दुसरं कुलूप: सही

मग प्रश्न बदलायला हवा. 'हा कोड कुणी वाचला का' हा प्रश्न नाही, 'आत्ता चालणारा कोड ज्याने लिहायला हवा त्यानेच लिहिलाय का' हा आहे. त्याचं उत्तर देणारं गणित १९७६-७७ पासून आहे, डिफी-हेलमन आणि मग आरएसए. दोन किल्ल्या, एक गुप्त आणि एक उघडी. गुप्त किल्लीने सही करायची, उघडीने कुणीही तपासायची.

कंपनीत प्रोग्रॅम तयार झाला की त्याचा एसएचए-२५६ हॅश काढतात आणि त्यावर गुप्त किल्लीने सही करतात. आपल्या लॅपटॉपवर करून बघायचं तर दोन ओळींचं काम आहे:

```
openssl dgst -sha256 -sign priv.pem -out fw.sig fw.bin
openssl dgst -sha256 -verify pub.pem -signature fw.sig fw.bin
```

दुसरी ओळ `Verified OK` म्हणेल. आता हेक्स एडिटरने `fw.bin` मधला तो एक बिट फिरवा, 0x64 चा 0x60 करा, आणि परत तपासा. सही नापास. साधा चेकसम किंवा सीआरसी असता तर चोराने बदललेल्या कोडचा नवा सीआरसी काढून लावला असता, कारण त्याला गुपित लागत नाही. सहीला लागतं.

यंत्राच्या बाजूला एक छोटा बूट प्रोग्रॅम असतो. तो अशा जागी असतो जिथे नंतर लिहिता येत नाही, आणि उघडी किल्लीही तिथेच. वीज आली की आधी हा जागा होतो, मुख्य कोडचा हॅश काढतो, सही ताडतो आणि जमलं तरच पुढे जातो. नुसतं अपडेट घेताना तपासून भागत नाही, कारण नंतर कुणी फ्लॅशमध्ये थेट लिहिलं तर? म्हणून दर वेळी तपासायचं.

इथेही दोन-तीन खड्डे आहेत. पहिला, जुनी आवृत्ती. तीन वर्षांपूर्वीच्या कोडमध्ये भोक होतं, ते कंपनीने बुजवलं, पण जुन्या कोडवरची सही आजही खरीच आहे! चोर तोच भरेल. म्हणून चिपमध्ये फक्त वाढणारा, कधीही कमी न होणारा आवृत्ती क्रमांक ठेवावा लागतो आणि त्याच्या खालचं सगळं नाकारावं लागतं. दुसरा, नक्कल. अस्सल सही असलेला कोड जसाच्या तसा नकली बोर्डात भरला तर सही जुळणारच. त्यासाठी परवान्याच्या सहीत त्या चिपचा स्वतःचा क्रमांक गुंफतात. एसटीएम३२ मध्ये असा ९६ बिटांचा क्रमांक कारखान्यातूनच येतो. नकली बोर्डावर आपण स्वतःचा बूट प्रोग्रॅम टाकला तर मात्र हेही गळून पडतं.

तिसरा खड्डा सगळ्यात खोल, तो म्हणजे गुप्त किल्ली. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या परिषदेत फेलओव्हरफ्लो या गटाने सोनीच्या प्लेस्टेशन ३ चं दाखवलेलं उदाहरण क्लासिक आहे. त्यांच्या सहीच्या पद्धतीत दर वेळी नवा यादृच्छिक आकडा k लागतो. सोनीने तो तोच तोच वापरला. मग दोन सह्यांवरून

```
k = (z1 - z2) / (s1 - s2)
```

असा k निघतो आणि k वरून गुप्त किल्ली. (z म्हणजे हॅश, s म्हणजे सहीचा एक भाग, भागाकार मॉड्युलोमधला.) बारावीची वजाबाकी! किल्ली गेली की कुलूप कितीही भारी असो, चोराची सही आणि कंपनीची सही यात फरक उरत नाही.

वजन-मापांच्या जगाने हे सगळं तसं वेळेवर कागदावर आणलं. ओआयएमएल या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ साली डी ३१ नावाचा दस्तऐवज काढला. त्यात अपडेटचे दोन प्रकार केले आहेत. एकात अपडेट झाल्यावर अधिकाऱ्याने प्रत्यक्ष येऊन यंत्र पुन्हा तपासायचं, मगच ते वापरात. दुसऱ्यात यंत्रानेच अपडेटचा अस्सलपणा तपासायचा आणि कधी, काय बदललं याची पुसता न येणारी नोंद ठेवायची. शिशाच्या सीलची जागा घेणारी ही इलेक्ट्रॉनिक वही.

आणि ती तार?

आता परत लखनौच्या चिपकडे या. समजा पंपाच्या मुख्य बोर्डावर सही, आवृत्ती क्रमांक, सगळं चोख आहे. कोडमध्ये एक बिटही इकडचा तिकडे नाही. पण पल्सरपासून बोर्डापर्यंतच्या तारेवर चोराने चिप घातली, आणि पल्सरने ९६ ठोके दिले की ती १०० करून पुढे पाठवते. बोर्ड अत्यंत प्रामाणिकपणे १०० मोजेल. प्रामाणिक कोडने खोट्या साक्षीवर दिलेला निकाल! सहीला यातलं काही कळत नाही.

यावर इलाज एकच, साक्षीदाराचीही ओळख पटवायची. पल्सरमध्येच छोटा मायक्रोकंट्रोलर ठेवायचा. त्याने नुसते ठोके न पाठवता 'आतापर्यंत एकूण इतके' असा आकडा पाठवायचा, आणि त्यासोबत दोघांनाच माहीत असलेल्या किल्लीने काढलेली खूण. बोर्डाने खूण जुळली तरच आकडा मान्य करायचा, नाहीतर नळी बंद. जोडी जमवायचा अधिकार तंत्रज्ञाकडे एकट्याकडे ठेवायचा नाही. कार्ड बदललं की वरून मंजुरी आल्याशिवाय पंप चालू होणार नाही आणि त्याची नोंद राहील. यात त्रासही आहे. ऐन गळीत हंगामात ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना कार्ड गेलं, तर प्रामाणिक पंपवाल्यालाही मंजुरीची वाट बघत बसावं लागतं.

आणि इथे एक मजा होते. ती सामायिक किल्ली पल्सरच्या चिपमध्ये असते. ती कुणी वाचली तर चोराची चिपही खूण काढू शकेल. म्हणजे मघाशी ज्या पहिल्या कुलपाला आपण फार थोड्या उपयोगाचं म्हटलं, 'वाचू नका' वालं, त्याला इथे खरं काम मिळतं. कोड लपवायला नव्हे, किल्ली लपवायला. आणि तेही फुटू शकतं हे माहीत असल्यामुळे प्रत्येक पल्सरला वेगळी किल्ली द्यायची. एकाचं कवच उघडून कुणी रात्र जागवली तर त्याला एकच पंप मिळावा, राज्यभरचे नव्हेत.

एवढं करूनही मीटरच्या आधी किंवा नंतर पाइपातच काही केलं तर? करता येतं. म्हणून शेवटची तपासणी फर्मवेअरच्या बाहेरचीच हवी. पाच लिटरचं माप मागायचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे, तो वापरा. पण लॉस एंजेलिसची गोष्ट लक्षात ठेवा. फक्त पाच लिटरच मोजणारा परीक्षक पाठ होतो, म्हणून तपासणी वेगवेगळ्या आकड्यांना आणि न सांगता व्हायला हवी. दुसरी तपासणी त्याहून चांगली, कारण तिला चिप फसवूच शकत नाही: टाकीतला साठा. यंत्र म्हणतं दिवसात २००० लिटर गेले, आणि मोजपट्टी बुडवून बघितलं तर टाकी १९२० लिटरनेच उतरली. हे ८० लिटर उरले कुठून? बाष्पीभवनाने पेट्रोल कमी होतं, वाढत नाही. खरेदीपेक्षा विक्री सतत जास्त दिसत असेल तर मग चिप उघडून बघायची.

वजनकाट्याचंही हेच गणित आहे. तिथे पल्सरऐवजी लोडसेल, आणि घोळ व्हायची जागा तीच, सेल आणि इंडिकेटर यांच्यामधली तार आणि जंक्शन बॉक्स. आमच्याकडचे शेतकरी ट्रॅक्टर आधी दुसऱ्या काट्यावर चढवून वजनाची चिठ्ठी खिशात ठेवतात, तेव्हा त्यांनी डी ३१ वाचलेला नसतो. पण एका यंत्राची साक्ष त्याच यंत्राकडून तपासून घेऊ नये, हे त्यांना कुणी शिकवावं लागलेलं नाही.